सर, गोड बोला!

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी भाट्याच्या सुरूबनात बसून आम्ही दोघींनी पाऊण तास एकच मेसेज लिहिला. मेसेज होता चार ओळींचा. मैत्रीण भाट्याचीच, रोज सकाळी खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीत एका सीए ऑफिसात आर्टिकलशिपला जाते. दोन वर्षांची आर्टिकलशिप, त्यातले पाच महिने झालेत. म्हणजे शुभेच्छा ज्यांना द्यायच्या त्या सरांसमोर अजून दीड वर्षाहून जास्त बसायचंय.

आणि सर कडक. मेसेजमध्ये 'फाइल?' एवढा एकच शब्द टाकणारे. त्यातून चारच दिवसांपूर्वी हिने एका गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर भलत्याच बिलाला लावला होता. ११ तारखेला रिटर्न भरायचं असतं, १० च्या संध्याकाळी सरांनी चूक पकडली. तसंच गेलं असतं तर ज्याने माल घेतला त्याला त्या बिलाचं क्रेडिटच दिसलं नसतं, आणि मग फोन सरांनाच आला असता. "इथे शिकायला येता की टाइमपासला?" हे वाक्य अख्ख्या ऑफिसने ऐकलं. आता १४ ला संक्रांत. शुभेच्छा पाठवल्या तर मस्का, नाही पाठवल्या तर राग धरला असं दिसणार.

तिचा पहिला मसुदा तुम्हालाही पाठ असेल. 'आदरणीय सर, आपणांस व आपल्या कुटुंबीयांस मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा. आपले मार्गदर्शन असेच लाभो.' व्याकरण चोख, आदर काठोकाठ. फक्त खाली 'शुभेच्छुक' लिहून फोटो लावला की चौकातला फ्लेक्स तयार! ही मुलगी रोज सरांशी 'सर, तुम्ही हे बघितलंत का?' असं बोलते. ती एका रात्रीत 'आपणांस'वर गेली की आदर वाढत नाही, माणूस लांब जातो. माझं मत असं, की तोंडी ज्याला आपण 'तुम्ही' म्हणतो त्याला लिहितानाही 'तुम्ही'च म्हणावं. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हीची खिचडी: 'आपणांस शुभेच्छा, तुम्ही खूप शिकवलंत.' वरचं वाक्य कुठून तरी उचललंय हे खालचं वाक्य सांगून टाकतं.

दुसरा मसुदा चिडून लिहिलेला. 'सर, तिळगूळ घ्या आणि आता तरी गोड बोला', पुढे हसणारा चेहरा. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि तिथेच मला या सणाची गंमत कळली. दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये समोरच्याला काही करायला सांगत नाही. संक्रांतीची ओळ मात्र सरळ आज्ञा आहे: घ्या आणि बोला. ती खटकत नाही कारण ती घासून गुळगुळीत झालीय, कुणी अर्थ लावत बसत नाही. पण चार दिवसांपूर्वी ओरडा बसलेला असताना त्यात एक शब्द जरी आपला घातला, 'आता तरी', 'जरा', 'यंदा', की ओळ जागी होते आणि टोमणा बनते. हसणारा चेहरा तो टोमणा झाकत नाही, उलट त्याच्याकडे बोट दाखवतो. ओळ वापरायचीच तर जशीच्या तशी वापरावी. आणि नुकतंच काही बिनसलेलं असेल तर 'गोड बोला' गाळून नुसता तिळगूळ द्यावा. तसाही तो द्यायचाच असतो, मेसेज हे त्याचं नंतर आलेलं रूप.

तिसरा मसुदा माफीचा होता. 'त्या दिवसाबद्दल सॉरी, तुम्ही मला वडिलांसारखे आहात, शिवाय शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मिळाली तर...' हा मी वाचून पुरा होण्याआधीच खोडला. सणाच्या मेसेजला माफी किंवा सुट्टी चिकटवली की शुभेच्छा फक्त पाकीट उरतं. माफी मागायची तर ती १० तारखेलाच, चूक दुरुस्त करून, समोर. (तिने ती मागितली होती, हे मला तेव्हा कळलं.) आणि पाच महिन्यांत कुणी वडील होत नाही.

मग तिला आठवली घरातली जुनी पोस्टकार्डं. आजोबांना आलेली, माळ्यावरच्या ट्रंकेतली. प्रत्येकावर सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' नाहीतर 'स. न. वि. वि.' आम्हाला ते लहानपणी कोडं वाटायचं. पहिलं साष्टांग नमस्कार विनंती विशेष, दुसरं सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मोठ्याला साष्टांग, बरोबरीच्याला सप्रेम. म्हणजे आदर की माया, हे पत्र लिहिणाऱ्याला पहिल्याच अक्षरात ठरवायला लागायचं. पण वरती साष्टांग घातलेली पत्रंसुद्धा खाली यायची ती 'कळावे, लोभ असावा' या ओळीवर. लोभ म्हणजे इथे माया. वर आदर, खाली माया, आणि मधे कामाची खरीखुरी बातमी. आपल्या फॉरवर्डमध्ये नेमका हा मधलाच भाग नसतो. त्यात वर फूल, खाली पतंग, मधे काही नाही.

तर मधे काय लिहायचं? स्तुती नको, कारण कडक माणसाला स्तुतीचा वास लगेच येतो. 'तुम्ही ग्रेट आहात' हे त्याच्याबद्दलचं मत झालं, आणि ते त्याने मागितलेलं नाही. त्याने शिकवलेलं एखादं बारीक काम आता आपण करतो, एवढंच सांगावं. ते खरं हवं मात्र. मी विचारलं, "१० तारखेनंतर काय बदललंस?" ती म्हणाली, "आता प्रत्येक नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघते. सरांनीच दाखवलं." झालं, मधला भाग मिळाला.

शेवटी गेला तो मेसेज असा:

'सर नमस्कार. तुम्हाला आणि मॅडमना संक्रांतीच्या शुभेच्छा. त्या दिवशी तुम्ही दाखवल्यापासून प्रत्येक जीएसटी नंबर पोर्टलवर तपासूनच पुढे जाते. आईने तिळाचे लाडू केलेत, येताना घेऊन येते.'

'मॅडमना' लिहिलं कारण सरांच्या मिसेस अधूनमधून ऑफिसात येतात आणि हिला ओळखतात. ओळख नसती तर ते नाव घुसवलं नसतं. रात्री बाराच्या ठोक्याला नाही, सकाळी आठला पाठवला. ऑफिसच्या ग्रुपवर नाही, वेगळा. ग्रुपवर सगळ्यांच्या शुभेच्छांखाली आपली एक टाकली की ती हजेरी होते. आणि समजा सकाळ हुकली असती, तरी संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. उशीर झाला म्हणून घाईघाईत फ्लेक्स पाठवायची गरज नाही.

एक मात्र आहे. हे सगळं कडक माणसासाठी. जो रोज अपमानच करतो, त्याच्यापुढे चांगल्या शब्दांचा मेसेज काही दुरुस्त करत नाही. तिथे दोन शब्दांच्या शुभेच्छा पुरेत, आणि बाकीचं बोलायचं ते घरी किंवा कॉलेजात, विश्वासाच्या माणसाशी.

साडेआठला उत्तर आलं: 'धन्यवाद. तुलाही. २० च्या रिटर्नची यादी झाली?' ती जरा हिरमुसली. मला ते उत्तर आवडलं, 'तुलाही' हा शब्द त्या माणसाच्या मानाने लांबच होता.

ऑफिसात तिने डबा टेबलावर ठेवला. सरांनी लाडू उचलला, अर्धा खाल्ला, मान न उचलता फाइल पुढे सरकवली आणि म्हणाले, "पान सात. पुन्हा बघ."

पान सातवर खरंच चूक होती.