डब्यातली प्रथिने आणि शिवारातले सोयाबीन

लोहारा तालुक्यातील सास्तूरच्या परिसरात खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन दिसते. काढणी झाली की ते बाजारात जाते, गिरणीत त्याचे तेल निघते आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्याच शेतकऱ्याचा शाकाहारी मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागला की घरात व्हे प्रोटीनचा महागडा डबा येतो. वनस्पतीची प्रथिने ‘अपुरी’ असतात, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीतली प्रथिने. त्यांची बाजू भक्कम आहे. ती लवकर पचतात आणि त्यांत ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. स्नायूंची बांधणी सुरू करण्याचा इशारा शरीराला प्रामुख्याने ल्युसिनकडून मिळतो. व्हेच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ते साधारण १० ते ११ ग्रॅम असते, तर वाटाणा आणि सोयाबीनमध्ये ८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे २५ ग्रॅम व्हे प्रथिनांतून जेवढे ल्युसिन मिळते, तेवढ्यासाठी वाटाण्याची ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. फरक आहे, पण तो चमचाभर जास्त पावडर घेऊन भरून निघतो. फ्रान्समध्ये १६१ तरुणांवर १२ आठवडे झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाटाणा घेणाऱ्यांच्या दंडाच्या स्नायूंची जाडी व्हे घेणाऱ्यांइतकीच वाढली होती.

वाटाण्याची खरी उणीव दुसरीकडे आहे. त्यात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी. दोन्ही मिळून १०० ग्रॅम प्रथिनांत सुमारे २ ग्रॅम भरतात. प्रौढाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास हवी असतात. तांदळाच्या प्रथिनांचे नेमके उलटे आहे. त्यांत ही आम्ले साडेचार ग्रॅमपर्यंत असतात, पण लायसिन जेमतेम ३ ग्रॅम, आणि गरज असते साडेचारची. आता ७० भाग वाटाणा आणि ३० भाग तांदूळ असे मिसळले, तर लायसिन ६ ग्रॅमच्या आसपास आणि गंधकयुक्त आम्ले पावणेतीनच्या आसपास येतात. दोन्ही उणिवा एकमेकींनी झाकल्या.

ही युक्ती कारखान्यात शोधलेली नाही. ज्वारीच्या भाकरीत लायसिन कमी असते, तुरीच्या वरणात ते भरपूर. भाकरी-वरण हे त्याच हिशेबाचे मिश्रण आहे. आणि दोन्ही एकाच घासात जायला हवेत असेही नाही. दिवसभरात पोटात गेले तरी चालते.

सोयाबीनला तर अशा जोडीदाराची फारशी गरजच नाही. त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्ले बहुतांशी पुरेशी असतात. मग साठ किलो वजनाच्या तरुणाचा हिशेब करून पाहावा. अडीचशे ग्रॅम ज्वारीतून २५ ग्रॅम प्रथिने, साठ ग्रॅम तूरडाळीतून १३, पाव लिटर दुधातून ८ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७, असे ५३ ग्रॅम झाले. किलोमागे ०.८३ ग्रॅम या सर्वसाधारण शिफारशीनुसार त्याला ५० ग्रॅम पुरतात. मात्र ज्वारीची प्रथिने पूर्ण पचत नाहीत आणि जोरदार व्यायाम करणाऱ्याची गरजही जास्त असते. त्यात ५० ग्रॅम सुक्या सोया वड्या घातल्या की आणखी २६ ग्रॅम मिळतात आणि बेरीज ७९ वर जाते. एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते.

पथ्य एकच: सोयाबीन कच्चे खाऊ नये, कच्चे दळूनही वापरू नये. त्यातील काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात. डाळ करून अर्धा तास उकळावी, वाळवावी आणि मगच दळावी. दहा किलो पिठात एक किलो सोयापीठ असले, तर भाकरी-पोळीची चव फारशी बदलत नाही.

डबा घ्यायचाच असेल, तर दूध पचणाऱ्याने व्हे घ्यायला हरकत नाही. दुधाने पोट फुगत असेल, तर सोया किंवा वाटाणा-तांदूळ मिश्रण बरे. मात्र लेबलवर अमिनो आम्लांचा तक्ता पाहावा. व्हेच्या २४ ग्रॅम प्रथिनांमागे ल्युसिन २ ग्रॅमहून कमी दिसले, तर स्वस्त ग्लायसिन घालून प्रथिनांचा आकडा फुगवल्याची शंका घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीच पावडर घेऊ नये. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे. सास्तूरच्या तरुणाला हवी असलेली प्रथिने त्याच्याच शिवारात पिकतात. ती सगळीच्या सगळी गिरणीच्या वाटेने जाऊ न देता एखादे पोते घरात ठेवले, तर डब्याची गरज बहुधा पडणारच नाही.