टेम्पो तेच, दुकानं तीच. मग डिझेल कुठे जिरतं?

डिझेलचा दर छोट्या वितरकाच्या हातात नसतो. कोणता टेम्पो कुठे आणि कोणत्या क्रमाने जाणार, हे मात्र तोच ठरवतो. खर्चातला मोठा फरक तिथेच पडतो.

उदाहरणादाखल पुण्याच्या मार्केट यार्डात गोदाम असलेला एक वितरक धरू. त्याचे ३ टेम्पो आहेत आणि कोथरूड, हडपसर व सिंहगड रोड या भागांत मिळून रोजची ४५ किराणा दुकानं. बिलं निघतील तसा माल भरला, तर प्रत्येक टेम्पो तिन्ही भागांत फिरतो. प्रत्येकी ६० म्हणजे एकूण १८० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर आणि ९० रुपये दर धरला, तर दिवसाला १,०८० रुपयांचं डिझेल लागतं.

आधी भाग, मग क्रम

आता एका टेम्पोला एकच भाग दिला आणि एकूण फेरी १०५ किलोमीटरवर आली, तर खर्च ६३० रुपये होतो. रोजचे ४५० रुपये वाचतात. महिन्याच्या २६ दिवसांत ११,७०० रुपये.

अडचण एकच. एखाद्या दिवशी एका भागाचा माल टेम्पोच्या क्षमतेपेक्षा जास्त भरतो. अशा वेळी हद्दीवरची दोन-तीन दुकानं शेजारच्या टेम्पोकडे द्यायची. सगळी वाटणी मोडायची नाही.

तरी उशीर का होतो?

कारण नकाशा रस्त्यातला वेळ सांगतो, दुकानातला नाही. माल उतरवणं, मोजून देणं, सही आणि पैसे घेणं यात प्रत्येक दुकानात १२ मिनिटं गेली, तर १५ दुकानांचे ३ तास होतात. त्यात गाडी चालवण्याचे २ तास धरले, तर ९ वाजता निघालेला टेम्पो २ वाजता मोकळा होतो. पण पुण्यात अनेक दुकानं १ ते ४ बंद असतात. म्हणजे शेवटच्या दोन-तीन दुकानांचा माल परत येतो.

म्हणून दुपारी बंद होणारी दुकानं आधी आणि दिवसभर उघडी असणारी शेवटी घ्यावी लागतात. त्यासाठी ४ किलोमीटर जास्त पडले, तरी २४ रुपयेच लागतात. परत आलेल्या मालासाठी १४ किलोमीटरची वेगळी फेरी मारली, तर ८४ रुपये आणि चालकाचा तासभर वेळ जातो. सर्वात जवळचा रस्ता सर्वात स्वस्त असेलच असं नाही.

माल मात्र उलट क्रमाने भरायचा. शेवटच्या दुकानाचा सर्वात आत, पहिल्याचा दाराशी. नाहीतर खोकी उपसण्यात त्या १२ मिनिटांची २० होतात.

हे १२ मिनिटांचं गणित प्रत्येक दुकानाला लागू पडत नाही. त्यासाठी चालकाने आठवडाभर प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ वहीत लिहायची. नेहमी २५ मिनिटं खाणारी दुकानं त्यात लगेच दिसतात. तीच फेरीच्या सुरुवातीला असतील, तर पुढच्या प्रत्येक दुकानाला उशीर होणार, हे आधीच कळतं.