चिल्लर हरवते कुठं?

दोस्तांनो, आज आधी एक खेळ खेळू. तुमच्या ताईला किंवा दादाला समोर बसवा आणि एकेक आकडा सांगायला लावा. तुम्ही फक्त बेरीज सांगायची. आकडे लिहून ठेवायचे नाहीत. हाताशी एकच चिठ्ठी, तिच्यावर एकच आकडा : आतापर्यंतची बेरीज. नवा आकडा आला की तो मिळवायचा, जुनी बेरीज खोडायची, नवी लिहायची. दहा आकडे येवोत की दहा कोटी, चिठ्ठी तेवढीच पुरते.

संगणकही असंच करतो. हवामान मोजणारं यंत्र दर सेकंदाला एक आकडा पाठवत राहिलं, तर सगळे आकडे मेमरीत मावणार नाहीत. म्हणून आलेला आकडा बेरजेत टाकायचा आणि विसरून जायचं. किती आकडे आले तेही मोजत राहिलं, तर भागाकार करून सरासरी मिळते. दोन डबे, काम फत्ते!

पण थांबा, गंमत पुढेच आहे. चिठ्ठीचा आकार ठरलेला असतो. समजा, तुमच्या चिठ्ठीवर चारच अंक मावतात, उरलेले सोडून द्यायचे. बेरीज आहे १०००. दादा म्हणाला, ०.४. बेरीज झाली १०००.४, पण मावले १०००. पुन्हा ०.४, पुन्हा १०००! दादानं दहा वेळा ०.४ सांगितलं, तरी तुम्ही १००० वरच. खरं उत्तर १००४. चार गेले कुठं? प्रत्येक वेळी थोडी थोडी चिल्लर सांडली.

हे नुसतं खेळातलं नाही, बरं का. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२मध्ये एक निर्देशांक सुरू केला, म्हणजे बाजार चढला की उतरला हे सांगणारा एक आकडा. सुरुवात १००० पासून. व्यवहार झाला की होणारा बदल जुन्या आकड्यात मिळवायचा आणि दशांश चिन्हानंतरची तीनच स्थळं ठेवायची. बाकीचं? छाटून टाकायचं. एका वेळी सरासरी ०.०००५ इतकंच नुकसान. पण हे दिवसाला सुमारे तीन हजार वेळा व्हायचं, म्हणजे रोज जवळजवळ दीड अंक गायब! नोव्हेंबर १९८३मध्ये निर्देशांक ५२४च्या आसपास आला होता. नीट हिशेब केला, तेव्हा तो सुमारे १०९८ निघाला. बाजार चढला होता आणि आकडा म्हणत होता, निम्मा झाला!

तुम्ही म्हणाल, छाटण्याऐवजी जवळच्या आकड्याला पूर्ण करावं. त्यानं व्हँकुव्हरचं दुखणं बरं झालं असतं, कारण कधी थोडं वाढतं, कधी थोडं घटतं. पण आपल्या खेळात १०००.४ ला जवळचा आकडा १०००च! मग लहान आकडे आधी मिळवावेत का? तेही जमत नाही, कारण पुढे कोणता आकडा येणार हेच ठाऊक नसतं.

यावर विल्यम कहान या गणितज्ञांनी १९६५मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. बेरजेच्या डब्याशेजारी आणखी एक छोटा डबा ठेवायचा, सांडलेल्या चिल्लरीचा. चला, पुन्हा खेळू. बेरीज १०००, आकडा ०.४. नवी बेरीज १०००च. आता नव्या बेरजेतून जुनी वजा करा : शून्य. म्हणजे मिळवायचे होते ०.४, आत शिरले शून्य. सांडले ०.४, ते चिल्लरीच्या डब्यात. पुढचा ०.४ आला की आधी त्यात चिल्लर मिळवा : ०.८. अजूनही बेरीज हलत नाही, ०.८ डब्यात. तिसऱ्या वेळी झाले १.२. आता बेरीज १००१ आणि डब्यात ०.२. असं दहा वेळा करून पाहा. उत्तर येतं बरोब्बर १००४!

या युक्तीलाही मर्यादा आहे. येणारा आकडा बेरजेपेक्षा मोठा असला, तर त्याच्याऐवजी बेरजेचीच चिल्लर सांडते आणि आपली वजाबाकी फसते. म्हणून आधी दोघांत मोठं कोण ते पाहायचं आणि लहान्याचं काय सांडलं ते मोजायचं.

सांडलवंड होतेय हे ओळखायचं कसं? आकडे येताहेत, पण बेरीज जागची हलत नाही, ही मोठी खूण. संगणकातल्या चार बाइटच्या दशांश-संख्येत एकेक मिळवत गेलात, तर ती १,६७,७७,२१६वर अडते आणि पुढे सरकतच नाही!

आता तुमच्यासाठी कोडं : आपल्या चार अंकी चिठ्ठीवर शून्यापासून एकेक मिळवत जा. पाचव्या अंकाच्या जागी नेहमी शून्य समजायचं. चिठ्ठी कुठं अडेल? आईबाबांनाही विचारा. उत्तर पुढच्या अंकात!