राजी नसलेल्याचा राजीनामा

भाषा शिकवणाऱ्या माणसाकडे मोहल्ल्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांना मराठी बोलता येतं, पण कचेरीत द्यायचं मराठी लिहिताना हात अडखळतो. रेशनकार्डाचा अर्ज, शाळेच्या दाखल्याचा अर्ज, वीज मंडळाला तक्रार असं मी वर्षानुवर्षं लिहून देत आलो. त्यातला एक कागद मात्र मी लिहायला नको होता.

2023 च्या जून महिन्यातली गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी घरी आले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात पॅकिंग खात्यात ते 11 वर्षं 8 महिने काम करत होते. म्हणाले, "सर, चार ओळी लिहून द्या. घरगुती कारणामुळे काम सोडतोय म्हणून." मी विचारलं, "घरी काय झालं?" म्हणाले, "घरी काही नाही. ऑर्डरी कमी झाल्यात. सहा जणांना घरी बसायला सांगितलंय. साहेब म्हणाले, उद्या राजीनामा आणा, लगेच हिशोब देतो. नाहीतर फिरत बसाल."

मी लिहून दिलं. सुवाच्य अक्षरात, शुद्ध मराठीत. चाचांनी खाली सही केली.

हिशोब खरोखर मिळाला. महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी. चाचा खूश होते, मीही. पुढच्या वर्षी रमजानमध्ये इफ्तारनंतर कामगार न्यायालयात काम करणाऱ्या एका वकिलांशी बोलणं निघालं. त्यांनी शांतपणे आकडे मांडले आणि मला त्या चार ओळींची किंमत कळली.

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ. उर्दूत आपण इस्तीफा म्हणतो, मराठीत राजीनामा. राजीनामा हा शब्दही फारसीतूनच आलेला: राजी असल्याचा कागद. कामगार आपल्या मर्जीने नोकरी सोडतो, तो राजीनामा. दुसरा शब्द बडतर्फी, तोही फारसी वळणाचाच. कामगाराने गैरवर्तन केलं, त्याला आरोपपत्र दिलं, चौकशी झाली आणि शिक्षा म्हणून काढलं, ती बडतर्फी. तिसरी कामगार कपात. कारखान्यातले लोक तिला 'कामावरून कमी केलं' म्हणतात. यात कामगाराचा दोष नसतो आणि त्याची मर्जीही नसते. मालकाला माणूस नको असतो, इतकंच.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने या तिसऱ्या प्रकाराची व्याख्या फार रुंद ठेवली. शिक्षा म्हणून नव्हे, पण दुसऱ्या कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराला काढलं तर ती कपात. स्वेच्छेने सोडणं, निवृत्तीचं वय, मुदतीचा करार संपणं, सततचं आजारपण अशा मोजक्या गोष्टी तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणजे पत्रावर 'टर्मिनेशन' लिहिलं म्हणून कपातीची भरपाई टळत नाही. ती टळते दोनच वाटांनी: गैरवर्तन सिद्ध केलं तर, किंवा कामगाराकडून राजीनामा लिहून घेतला तर. पहिल्या वाटेला चौकशीचा खटाटोप आहे. दुसरीला फक्त एक कागद आणि एक अर्ज लिहिणारा मास्तर लागतो.

आता चाचांचा हिशोब पाहू. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये होता, आणि सगळे भत्ते धरून पगार 16,000.

ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर निघते. 13,000 भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 7,500 रुपये. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 11 वर्षं 8 महिन्यांची 12 वर्षं झाली. 12 गुणिले 7,500 म्हणजे 90,000 रुपये. हे चाचांना मिळाले. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. तिच्यात साहेबांचे उपकार काही नव्हते.

कपात झाली असती तर यावर आणखी दोन गोष्टी मिळाल्या असत्या. एक, कारण लिहून दिलेली महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात महिन्याचा पगार: 16,000. दोन, सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. हा पगार तेव्हा भत्त्यांसह धरत आणि महिना 26 नव्हे, 30 दिवसांचा मोजत. म्हणजे वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, 8,000. इथेही 12 वर्षं. 96,000 रुपये. दोन्ही मिळून 1,12,000 रुपये. चाचांच्या सात महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम माझ्या चार ओळींत गेली.

ही भरपाई ग्रॅच्युइटीच्या ऐवजी नसते, तिच्याशिवाय असते. तिला पाच वर्षंही लागत नाहीत. वर्षभरात 240 दिवस काम भरलं की हक्क लागू होतो. म्हणून दोन-तीन वर्षं काम केलेल्या पोराला राजीनामा द्यायला लावलं, तर त्याला ग्रॅच्युइटीही नाही आणि भरपाईही नाही. चालू पगार आणि रजेचे पैसे घेऊन तो घरी जातो. पीएफ मात्र कुठल्याही वाटेने गेलात तरी तुमचाच.

बडतर्फीचीही भीती दाखवली जाते: "राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू, मग काहीच मिळणार नाही." हे अर्धसत्य आहे. बडतर्फ कामगाराला नोटीस पगार आणि कपातीची भरपाई मिळत नाही, हे खरं. पण केलेल्या कामाचा पगार, रजेचे पैसे आणि पीएफ जात नाहीत. ग्रॅच्युइटी सुद्धा आपोआप जात नाही. मालकाचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानाइतकी कापता येते. पूर्ण जप्त करायची तर मारामारी-दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशी कारणं लागतात, आणि तसा हुकूम काढावा लागतो. उशिरा येतो, उलट बोलतो, एवढ्यावर ती बुडवता येत नाही.

वकिलांनी आणखी एक प्रश्न विचारला: "त्या खात्यात यांच्यानंतर लागलेले कुणी राहिले का?" राहिले होते. दोन-दोन वर्षांची दोन पोरं. कपातीत साधारण नियम असा की शेवटी आलेला आधी जातो, आणि तो मोडायचा तर मालकाने कारण नोंदवावं लागतं. राजीनाम्याला असा नियम नाही. जुन्या माणसाची ग्रॅच्युइटी दरवर्षी वाढत जाते, म्हणून राजीनामा बहुधा त्याच्याचकडे मागितला जातो.

मग दाद का मागितली नाही? तीन वर्षांची मुदत होती, कामगार आयुक्तांच्या कचेरीत तक्रार करता आली असती. पण राजीनामा जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो. न्यायालय पाहतं की माणसाने लगेच हरकत घेतली का, पैसे घेऊन किती दिवस गप्प बसला. बाकी पाच जणांचे कागद कचेरीतच टाइप झालेले, एकाच दिवसाचे, शब्दाला शब्द सारखे. त्यांच्यापैकी दोघांनी महिन्याच्या आत तक्रार केली. पाच माणसांना एकाच दिवशी एकच घरगुती अडचण कशी आली, हा प्रश्न तिथे निघाला आणि त्यांची तडजोड होऊन काही रक्कम मिळाली. चाचांचा कागद वेगळा होता. हाताने लिहिलेला, स्वतःहून आणलेला, कुणी सांगितल्याची खूण नसलेला. माझ्या चांगल्या मराठीने तो खरा वाटत होता. चाचा म्हणाले, "जाऊ द्या सर, नसीब." मला तसं म्हणता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. कपातीच्या भरपाईचं वर्षाला पंधरा दिवसांचं माप तेच आहे. शिवाय मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा, आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा. काम सुटलं, कसंही सुटलं, तरी बाकी वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. म्हणजे 'राजीनामा दिला तरच लगेच हिशोब' या बोलण्यात आता कायद्याने काही अर्थ उरलेला नाही. पण दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली आहे. आणि राजीनामा लिहून दिला तर कपातीतलं काहीच लागू होत नाही, हे तसंच आहे.

यंत्रमाग, टॉवेल, गारमेंट या धंद्यांत आपल्यातले मालकही पुष्कळ आहेत. ऑर्डर नसेल तर माणसं कमी करावी लागतात, हे मलाही समजतं. कायद्यालाही समजतं. छोट्या कारखान्याला त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही, फक्त भरपाई द्यायची आहे. ती चुकवण्यासाठी बारा वर्षांच्या माणसाकडून 'मीच जातो' असं लिहून घेणं हा हिशोब नव्हे. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. ही मजुरी घामाचीच राहिलेली बाकी आहे.

सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, हेही तिच्यात आहे. मी ती कितीदा वाचली होती. लिहिणारा म्हणजे मी, हे त्या जूनमध्ये माझ्या लक्षात आलं नाही.

आता कुणी राजीनामा लिहून घ्यायला आलं की मी आधी विचारतो, "तुम्ही राजी आहात का?" नसेल तर वेगळा कागद लिहितो: मी काम सोडत नाही, मला कमी करायचं असेल तर कारणासह लेखी द्यावं. तो स्पीड पोस्टाने पाठवायला सांगतो आणि पावती जपून ठेवायला. सही आधीच झाली असेल, तर राजीनामा मंजूर होण्याआधी, त्याच दिवशी, तो मागे घेतल्याचं पत्र. गेल्या वर्षभरात असे तीन कागद लिहिले. एक चाचांच्या मुलाचा होता.