तीन तोट्यांचा हौद

गेल्या परीक्षेंत आम्हीं मुलांस एक हिशेब घातला होता. एका हौदास तीन तोट्या आहेत. पहिली एकटी सोडली असतां हौद १२ तासांत भरतो, दुसरी एकटी सोडली असतां १५ तासांत भरतो, आणि तळाशीं असलेली तिसरी तोटी भरलेला हौद १० तासांत रिकामा करिते. हौद रिकामा असतां तिन्ही एकदम सोडल्या, तर तो किती तासांत भरेल? बऱ्याच मुलांनीं १२ आणि १५ यांची बेरीज केली, तींतून १० वजा केले, आणि १७ तास असें उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळलीं.

हें उत्तर दिसावयास इतकें साळसूद आहे कीं, त्याचा संशय येत नाहीं. परंतु तिसरी तोटी क्षणभर बंद ठेवून पहा. याच रीतीनें चाललें तर उत्तर २७ तास येतें. म्हणजे जें काम पहिली तोटी एकटी १२ तासांत उरकते, त्यास जोडीदारीण मिळतांच २७ तास लागूं लागले! तास हें तोटीच्या कामाचें माप नव्हे. तोटी जितकी बारीक, तितके तिचे तास अधिक. बेरीज-वजाबाकी करावयाची ती एका तासांत आंत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याची.

यासाठीं कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत एक लांबलचक सूत्र देतात व मुलें तें तोंडपाठ करितात. आमच्या मतें तें शिकवूंच नये. एखादी तोटी उशिरा सोडली कीं तें सूत्र निरुपयोगी होतें. त्यापेक्षां १२, १५ व १० यांचा लघुतम साधारण विभाज्य ६० घ्यावा, आणि हौद ६० घागरींचा मानावा. मग पहिली तोटी तासास ५ घागरी आणते, दुसरी ४ आणते, आणि तिसरी ६ घेऊन जाते. तासाअखेर हौदांत ३ घागरी उरतात. म्हणून ६० घागरींस २० तास.

येथें कांहीं चांगलीं मुलेंहि कचरतात. पहिली तोटी एकटी १२ तास घेते, मग दोघी मिळून २० कशा? असें म्हणून बरोबर उत्तर खोडणारा एक विद्यार्थी आम्हीं पाहिला आहे. त्यानें ताळा करावयास हवा होता. २० तासांत पहिलीनें १०० घागरी ओतल्या, दुसरीनें ८०, आणि तिसरीनें १२० बाहेर नेल्या; उरल्या ६०. उत्तर खरें आहे.

आतां समजा, ८ तासांनंतर कोणीतरी तळची तोटी बंद केली. तोंवर २४ घागरी सांठल्या, ३६ राहिल्या. पुढें तासास ९ प्रमाणें ४ तास लागतील, एकंदर १२. ज्यास घागरी समजल्या त्यास येथें नवीन कांहींच शिकावें लागत नाहीं. तसेंच तिसरी तोटी हौद ६ तासांत रिकामा करणारी असती, तर ती तासास १० घागरी नेती, आणि रिकामा हौद कधींच भरता ना. मुलें अशा वेळीं ‘६० तासांत भरेल’ असें लिहितात. वस्तुतः भरलेला हौद ६० तासांत रिकामा होईल.

वेग मिळविण्याची ही रीत जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (इ. स. ११५०) एक दिवस, अर्धा, तृतीयांश व षष्ठांश दिवस घेणारे चार झरे एकदम सोडले आहेत, एका दिवसांत ते १, २, ३ व ६, म्हणजे १२ वेळां कुंड भरतात, म्हणून एकदां भरावयास दिवसाचा बारावा भाग पुरतो. तेथें सर्व झरे आंत येणारे आहेत. बाहेर जाणाऱ्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

वरून पडणाऱ्या तोटीस हौदांत पाणी किती आहे याची दाद नसते. तळच्या तोटीस असते. टॉरिचेल्लीनें १६४४ सालीं दाखविलें कीं, पाण्याची खोली चौथाई झाली म्हणजे बाहेर पडण्याचा वेग निम्मा होतो. त्यामुळें उभ्या भिंतींचा हौद रिकामा होतांना हा वेग एकसारखा घटत शून्यावर येतो, व आरंभींचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. आमची तिसरी तोटी सरासरीनें ६ घागरी नेते. तर भरल्या हौदांतून ती तासास १२ नेईल. आंत येतात ९. खोली पूर्ण हौदाच्या नऊ-सोळांश झाली कीं बाहेर जाणारें पाणीहि बरोबर ९ होतें, आणि पाणी चढावयाचें थांबतें. कागदावर २० तासांत भरणारा आमचा हौद प्रत्यक्षांत अर्ध्याहून थोडा वर येऊन तसाच राहील!

म्हणून हा दोष आम्ही मुलांच्या नव्हे, प्रश्न घालणाऱ्यांच्या पदरीं बांधतों, आणि त्यांत आम्हीहि आलोंच. ‘प्रत्येक तोटीचा वेग सदा सारखा राहतो असें समजावें’ एवढें एक वाक्य प्रश्नांत असलेंच पाहिजे. पुढील परीक्षेच्या प्रश्नांत आम्हीं तें घातलें आहे.