भावात दडलेले भाकीत

गेल्या महिन्यात माझे एक जुने परिचित कापड व्यापारी आपल्या चिरंजीवांसह घरी आले होते. बाजारपेठेतील वडिलोपार्जित गोदाम विकून आलेले तीस लाख रुपये शेअर्समध्ये गुंतवावयाचे होते. परंतु कोठे, यावर पितापुत्रांत एकमत होत नव्हते. वडिलांच्या मनात पोलाद बनविणारी एक जुनी कंपनी होती. तिचा शेअर ८० रुपयांना आणि प्रतिशेअर वार्षिक नफा १० रुपये, म्हणजे किंमत नफ्याच्या आठपट. मुलाने निवडलेल्या कंपनीचाही प्रतिशेअर नफा १० रुपयेच. मात्र शेअरची किंमत ५०० रुपये, म्हणजे पन्नासपट. या पटीलाच बाजारात ‘पीई’ म्हणतात.

“साहेब, हा भविष्यावर सट्टा लावतो आहे. मी आजचा नफा पाहून घेतो,” वडील म्हणाले. “काका, बाबा तर भूतकाळ विकत घेत आहेत,” मुलाने उत्तर दिले.

वडिलांची पद्धत ती मूल्यलक्ष्यी गुंतवणूक, अर्थात ‘व्हॅल्यू’. मुलाची ती वृद्धीलक्ष्यी, अर्थात ‘ग्रोथ’. एक शैली भविष्याविषयी अंदाज करते आणि दुसरी करीत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. अंदाज दोघेही करतात. फरक इतकाच की, वृद्धीवाला तो बोलून दाखवितो आणि मूल्यवाल्याचा अंदाज मनातच राहतो. शेअरच्या भावात कोणते भाकीत दडले आहे, हे गणिताने बाहेर काढता येते. त्या दिवशी आम्ही तिघांनी कागद-पेन्सिल घेऊन तेच केले.

प्रथम एक अपेक्षा ठरविली. शेअरमधील जोखीम लक्षात घेता वर्षाला १२ टक्के परतावा मिळाला पाहिजे. हा आकडा आमचा. आपण आपल्या गरजेनुसार दुसरा धरू शकता.

मुलाच्या कंपनीपासून आरंभ केला. ५०० रुपये दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांनी सुमारे १,५५३ रुपये व्हावयास हवेत. आता कोणतीही कंपनी कायम वेगाने वाढत नाही. ती मोठी झाली की वाढ मंदावते आणि बाजार तिला पन्नासपट किंमत देईनासा होतो. दहा वर्षांनी वीसपट मिळेल असे धरू. मग १,५५३ रुपये भाव येण्यासाठी प्रतिशेअर नफा सुमारे ७८ रुपये हवा. म्हणजे १० रुपयांचे ७८ व्हावयाचे, दहा वर्षे सातत्याने सुमारे २३ टक्के वाढ हवी. अशा कंपन्या लाभांश अल्प देतात, म्हणून तो येथे सोडून दिला आहे.

“आणि वाढ १५ टक्केच झाली तर?” मुलाने विचारले. १५ टक्के ही काही वाईट वाढ नव्हे. नफा दहा वर्षांत चौपट होतो. परंतु वीसपटीने भाव येतो ८०९ रुपये. ५०० चे ८०९ म्हणजे वर्षाला ५ टक्क्यांहूनही कमी! कंपनी उत्तम चालली, तरी गुंतवणूकदाराच्या हाती फारसे काही लागले नाही. अर्थात शेवटी तीसपट किंमत मिळाली, तर १८ टक्के वाढही पुरते. म्हणून वाढीबरोबरच शेवटची पटही जपून धरावी लागते.

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकेतील सिस्को कंपनीचा शेअर मार्च २००० मध्ये सुमारे ८० डॉलरला पोहोचला होता. किंमत नफ्याच्या शंभरपटीहून अधिक होती. पुढे काय झाले? कंपनी बुडाली नाही. तिचा वार्षिक नफा २००० मधील सुमारे २.७ अब्ज डॉलरवरून २०१० मध्ये सुमारे ७.८ अब्ज डॉलरवर गेला, म्हणजे जवळजवळ तिप्पट झाला. तरीही २०१० मध्ये शेअर ३० डॉलरच्या खालीच होता. वाढ झाली, परंतु भावाने गृहीत धरलेली वाढ झाली नाही.

मुलाचा चेहरा उतरलेला पाहून वडील प्रसन्न झाले. मग त्यांच्या कंपनीचा कागद पुढे ओढला.

एखादी कंपनी दरवर्षी १० रुपये नफा कायम मिळवीत राहिली, तो सर्व वाटून टाकला आणि त्यात कधीच वाढ झाली नाही, तर १२ टक्के अपेक्षेने तिची किंमत १० भागिले ०.१२, म्हणजे ८३ रुपये होते. शेअर ८० ला आहे. म्हणजे बाजार येथे वाढीचा एक पैसाही मोजत नाही. नफा थोडा जरी वाढला, तरी लाभ खरेदीदाराचा. मूल्यलक्ष्यी शैलीचे बळ येथे आहे.

परंतु या हिशेबात एक गृहीतक लपलेले आहे: आजचे १० रुपये टिकतील. पोलाद, साखर, सिमेंट अशा व्यवसायांत भावाची भरती-ओहोटी असते. आम्ही त्या कंपनीच्या वार्षिक अहवालांतून मागील सात वर्षांचा प्रतिशेअर नफा उतरवून काढला: ३, २, ४, ५, ३, ८ आणि १०. बेरीज ३५, सरासरी ५ रुपये. आता ८० रुपये ही किंमत आठपट राहिली नाही, सोळापट झाली. आणि ५ रुपयांवर तोच भागाकार केला तर किंमत येते ४२ रुपये. अशा व्यवसायांत नफा शिखरावर असतो तेव्हाच पीई सर्वांत लहान दिसतो, कारण हा नफा टिकणार नाही हे बाजाराने ओळखलेले असते. स्वस्ताईचा भास नेमका त्याच वेळी होतो. म्हणूनच बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नका, अनेक वर्षांची सरासरी घ्या, असे सांगून ठेवले आहे.

सरासरीलाही मर्यादा आहे. ओहोटीनंतर भरती येते, पण ज्या धंद्याची वाटच बदलली तेथे मागील सरासरी निरुपयोगी ठरते. कोडॅकचा फिल्मचा व्यवसाय दशकानुदशके उत्तम नफा देत आला होता. डिजिटल कॅमेऱ्याने तो हिरावला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. म्हणून स्वस्त शेअर घेताना नफा चक्रामुळे घटतो आहे की गिऱ्हाईकच कायमचे निघून चालले आहे, हे पाहावे. विक्रीचा परिमाणात आकडा, म्हणजे किती टन, किती नग, वर्षानुवर्षे घटत असेल, तर दुसरी शक्यता धरावी.

बँकेत असताना कर्जाच्या अर्जासोबत येणारे पुढील पाच वर्षांचे अंदाजपत्रक मी नेहमी शेवटून वाचत असे: हप्ता फिटण्यासाठी किती विक्री लागेल, आणि तेवढी या दुकानात आजवर कधी झाली आहे काय? शेअरलाही हाच प्रश्न लागू पडतो. भाव हे विक्रेत्याने पुढे केलेले अंदाजपत्रकच होय.

चहा होईपर्यंत पितापुत्र दोघेही शांत झाले होते. वडिलांनी पोलादाचा शेअर ४५ च्या आसपास आला तरच पाहू, असे ठरविले. मुलाने दहा वर्षे २३ टक्के वाढलेल्या कंपन्या किती सापडतात ते शोधून येतो, म्हटले. तीस लाख तूर्त बँकेतच आहेत.