पाठ केलेला निबंध परीक्षकाला कळतो कसा, आणि त्याला गुण किती द्यायचे?

दहावीचा मराठीचा पेपर झाला की गावागावात एकच चौकशी असते, "निबंध कोणता आला?" आणि त्यामागोमाग दुसरी, "पाठ केलेल्यातला होता का?" या दुसऱ्या प्रश्नात कुणाला काही वावगं वाटत नाही. गाईडमधले, क्लासच्या झेरॉक्समधले दहा-बारा निबंध घोकून जायचे आणि त्यातला जवळचा बसवून टाकायचा, ही रीत आता घराघरात मुरली आहे. खरी अडचण पेपर तपासताना येते. मराठी प्रथम भाषेच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यापैकी एक लिहायचं असतं आणि त्याचे 8 गुण असतात. याच 8 गुणांत घोकलेला निबंध वर जातो आणि स्वतः विचार करून लिहिणारं पोर खाली राहतं, असं होऊ शकतं. ते कसं होतं, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण समजावण्यापुरतं रचलेलं आहे, पण असे पेपर तपासलेल्या कोणत्याही शिक्षकाला ते ओळखीचं वाटेल.

समजा आत्मकथनाचा विषय आहे, 'गावातील जुन्या विहिरीचे मनोगत'. सोबत चौकटीत चार मुद्दे दिलेत: पाण्याने भरलेले दिवस, घरोघरी आलेले नळ, कचरा आणि दुर्लक्ष, गावाकडून अपेक्षा.

पहिल्या विद्यार्थ्याचा पेपर सुंदर अक्षरात दीड पान भरलेला आहे. सुरुवात अशी: "सायंकाळची रम्य वेळ होती. सूर्य अस्ताला चालला होता. मी सहज फेरफटका मारत होतो. इतक्यात कोठूनतरी आवाज आला, 'बाळा, जरा थांब.' मी इकडेतिकडे पाहिले, पण कोणीच दिसेना." पुढे, "ऊन, वारा, पाऊस सोसत मी वर्षानुवर्षे उभी आहे. मी माझे सारे आयुष्य इतरांसाठी झिजवले, पण माणूस कृतघ्न झाला." शेवटी, "एवढे बोलून तो आवाज थांबला आणि मी भानावर आलो."

दुसऱ्या विद्यार्थिनीचा पेपर जेमतेम पाऊण पान. "माझ्या काठच्या दगडाला खाचा पडल्यात. त्या दोराच्या. बाया पहाटे रांगेनं पानी शेंदायच्या, कुनाचं सासर-माहेर कसं ते मला सगळं ठाऊक. नळ आले त्या वर्षी दिवाळीला माझ्याकडं कुनी दिवा लावला नाही. आता पिशव्या, बाटल्या, मेलेली कोंबडी, सगळं माझ्यात. मला परत पानी भरा असं मी म्हनत नाही. वरून जाळी तरी टाका, मागल्या पावसाळ्यात वासरू पडलं."

घाईत तपासणाऱ्याला पहिला पेपर नीटनेटका वाटतो. भाषा 'साहित्यिक', लांबी भरपूर, सुरुवात आणि शेवट जागच्या जागी. दुसऱ्यात 'पानी', 'कुनी' दिसतं आणि लाल पेन थांबतो. पहिल्याला सहा, दुसरीला चार असं होऊन जातं.

आता पहिला पेपर पुन्हा वाचू, पण एक गोष्ट करून. 'विहीर' हा शब्द मनातल्या मनात काढायचा आणि तिथं 'वडाचे झाड' ठेवायचं. मग 'शाळेचा फळा'. मग 'फाटके पुस्तक'. सायंकाळची रम्य वेळ तशीच राहते, आवाज तसाच येतो, माणूस तितकाच कृतघ्न राहतो. कोणतंही वाक्य अडत नाही. हीच पहिली आणि सगळ्यात भरवशाची खूण: वस्तू बदलली तरी वाक्य चालत असेल तर ते वाक्य या प्रश्नासाठी लिहिलेलं नाही. दुसऱ्या पेपरात असं करून पाहा. फळ्याला दोराच्या खाचा पडत नाहीत, पुस्तकात वासरू पडत नाही.

दुसरी खूण म्हणजे सांधा. पहिल्या पेपरात विहीर 'ऊन, वारा, पाऊस सोसत उभी' आहे. विहीर कधी उभी असते का? ते वाक्य झाडाच्या आत्मकथनातून आलंय. घाईत नाव बदललं, क्रियापद राहून गेलं. कधी मध्येच 'माझ्या फांद्यांवर' असं निसटून येतं, कधी 'मी' पुल्लिंगी सुरू होऊन पुढं स्त्रीलिंगी होतो. पाठ केलेला भाग संपून स्वतःचा सुरू होतो तिथं शुद्धलेखनही अचानक बदलतं. 'कृतघ्न' बिनचूक लिहिणारा पुढच्याच ओळीत 'विहीर'ला 'वीहिर' लिहितो. आणखी एक प्रकार कानावरून पाठ करणाऱ्यांचा: 'आबालवृद्ध' हा शब्द 'आंबावृद्ध' होऊन उतरतो, कारण अर्थ कधी कळलेलाच नसतो.

तिसरी खूण गठ्ठ्यात दिसते. एकाच गठ्ठ्यात आठ-दहा पेपर 'सायंकाळची रम्य वेळ'नं सुरू होतात. इथं मात्र परीक्षकानं जपून राहायला हवं. सारखी सुरुवात म्हणजे कॉपी नव्हे. एकाच सरांनी वर्गात लिहून दिलेला निबंध सगळ्यांनी पाठ केला, एवढाच त्याचा अर्थ. गैरप्रकाराचं प्रकरण करण्यासारखं त्यात काही नाही. आणि माणसाचा स्वभाव असा की पहिल्या पेपरातली रम्य सायंकाळ चालून जाते, दहाव्या पेपरात तीच वाचून डोकं उठतं. दहाव्या पोरानं ती एकदाच लिहिलीय. आधीच्या नऊ जणांचा वैताग त्याच्या गुणांतून वसूल करणं हा उघड अन्याय आहे.

मग गुण द्यायचे कसे? समजा 8 गुणांची फोड अशी केली: दिलेल्या मुद्द्यांना धरून आशय 4, मांडणी 2, भाषा 2. बोर्डाची आदर्श उत्तरपत्रिका आणि नियामकांच्या सूचना असतात, त्यांना धरूनच तपासायचं असतं, पण हिशेब कळायला ही फोड पुरेशी आहे.

आधी मनाशी पहिल्या पेपरातली कुठंही चालणारी वाक्यं बाजूला काढायची. त्यांचे गुण कापायचे नाहीत, फक्त मोजायची नाहीत. मुद्दा इथंच आहे आणि बहुतेक वाद इथंच होतात. पाठ केलं म्हणून शिक्षा नाही. जे या प्रश्नाचं उत्तरच नाही, त्याला गुण नाहीत, इतकंच. उरतं काय? नळ आल्याचा उल्लेखच नाही, कचऱ्याबद्दल एक मोघम वाक्य, अपेक्षा म्हणून 'निसर्गाचे रक्षण करा'. आशयाला 1. मांडणीत सुरुवात-शेवट आहे, पण दिलेल्या मुद्द्यांचा क्रम नाही, म्हणून 1. भाषा पाहायची ती त्याच्या स्वतःच्या चार वाक्यांवरून, कारण घोकलेल्या वाक्यांवरून त्याला मराठी किती येतं ते कळतच नाही. तिथं 1. एकूण 3.

दुसऱ्या पेपरात चारही मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला गावातला स्वतःचा तपशील आहे. आशय 4. सुरुवात थेट, परिच्छेद नाहीत, मांडणी 1. 'पानी', 'कुनी', 'म्हनत' यामुळे भाषेला 1. एकूण 6. इथं एक बाजूचा मुद्दा: आत्मकथनात विहीर बोलीत बोलली तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण सगळीकडे ठरवून बोली आहे की न-णचा गोंधळ आहे, हे उरलेला पेपर बघून ठरवावं लागतं. गोंधळ असला तरी तो भाषेच्या दोन गुणांतच धरायचा. 'पानी' दिसलं म्हणून आशयाचाही गुण खाल्ला, तर एकाच चुकीला दोनदा मार बसतो. तालुक्याच्या पोरांचे गुण जास्त करून तिथंच जातात.

हे दोन पेपर दोन टोकांचे आहेत. बहुतेक पेपर मधले असतात: पहिला आणि शेवटचा परिच्छेद पाठ, मधला स्वतःचा. तिथं मधल्यावर गुण द्यावेत आणि कडेच्या दोन परिच्छेदांकडे फार लक्ष देऊ नये. परीक्षेच्या धास्तीत पहिली ओळ सुचत नाही, ती तयार असली तर हात चालू लागतो. त्यात चूक काही नाही. पत्रलेखनात तर दिनांक, प्रति, विषय, महोदय हा साचा मागितलेलाच असतो, त्याला घोकंपट्टी म्हणता येत नाही. म्हण, ओवी, थोरांचं वचन पाठ करून जागेवर नेमकं वापरलं तर तेही त्या पोराचंच.

उलटी चूकही होते. खूप वाचन असलेल्या पोरीनं 'क्षितिज', 'विदीर्ण' असे शब्द वापरले की 'हे हिचं नसणार' असा संशय येतो. शब्द जड आहे म्हणून संशय घेऊ नये. तो शब्द विहिरीला लागू पडतोय का, एवढंच पाहावं. वस्तू बदलून पाहण्याची कसोटी इथं त्या पोरीच्या बाजूनं उभी राहते. खात्री होत नसेल तर फायदा विद्यार्थ्याला द्यायचा. परदेशी शिकायला जाणारी मुलं इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देतात, तिथं संपूर्ण उत्तर पाठ केलेलं असल्याचा पुरावा असेल तर थेट शून्य पट्टा देण्याची तरतूद आहे. पण तिथंही पुरावा लागतो, नुसता संशय चालत नाही.

प्रश्न काढणाऱ्यांचाही यात वाटा आहे. नुसतं 'झाडाचे आत्मवृत्त' विचारलं तर घोकलेलं झाडच उतरणार. निमंत्रणपत्रिका, चौकटीतले मुद्दे, ठरावीक प्रसंग दिला की साचा बसेनासा होतो आणि तपासणाऱ्यालाही धरायला काहीतरी मिळतं. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून निबंधाचा पेपर 250 गुणांचा आहे. गावातली जी पोरं अभ्यासिकेत 'मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत' निबंध पाठ करताना दिसतात, त्यांच्यापुढे हाच प्रश्न मोठ्या आकड्यात उभा आहे.

निकालानंतर गुण कमी वाटले तर बोर्डाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, आणि पुनर्मूल्यांकनासाठी ती आधी घ्यावीच लागते. प्रत हातात आली की निबंधाचं पान काढावं, विषयाचं नाव बोटानं झाकावं आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावं. हे विहिरीबद्दल आहे हे त्याला तीन-चार ओळींत ओळखता आलं आणि तरी आशयाला गुण नसतील, तर शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांना दाखवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायला हरकत नाही. पान संपलं तरी विषय ओळखता आला नाही, तर फीचे पैसे वाचवलेले बरे.